आईच्या ऑपरेशनचं सविस्तर बिल आणि हप्त्याने पैसे, कसं मागायचं? (नाशिक)

सिडकोकर · शुक्रवार, रात्री 9.40

नमस्कार मंडळी. आई (वय 71) सोमवारी संध्याकाळी बाथरूममध्ये घसरून पडली. खुब्याचं हाड मोडलं. रात्री साडेदहाला मुंबई नाक्याजवळच्या एका खासगी हॉस्पिटलात दाखल केलं आणि बुधवारी बॉल बदलण्याचं ऑपरेशन झालं. आई आता वॉकर धरून चार पावलं टाकते. डॉक्टरांबद्दल आमची काही तक्रार नाही.

उद्या दुपारी डिस्चार्ज आहे. आज संध्याकाळी बिलिंगवाल्यांनी एक पानी बिल हातात दिलं, एकूण 2,85,040. एक लाख आधी भरलेत, म्हणजे 1,85,040 बाकी. त्यात एका ओळीत ‘औषधे व कन्झ्युमेबल्स 71,340’ आणि दुसऱ्या ओळीत ‘इतर 9,800’ एवढंच लिहिलंय. तपशील मागितला तर काउंटरवरची मुलगी म्हणाली, "सॉफ्टवेअरमधून असंच निघतं."

मी अंबडला कंपनीत आहे, विमा नाही. हातात साधारण 85,000 आहेत. बाकीचे महिन्याला पंधरा हजारांनी देऊ शकतो. भांडायचं नाहीये, कारण टाके काढायला आणि तपासणीला पुन्हा तिथेच जायचंय. नेमकं कुणाला काय म्हणायचं?

ओझरकर

दादा, घाबरू नका. बिलासाठी पेशंटला अडवून ठेवता येत नाही, असा नियम आहे. सरळ सांगा की आईला घेऊन जातोय, पैसे जमतील तसे देऊ. आणि इम्प्लांटची किंमत सरकारने बांधलेली आहे, त्यावर जास्त लावली असेल तर तिथल्या तिथे कमी करायला लावा.

देवळालीची सून

आमच्या सासऱ्यांच्या पित्ताशयाच्या ऑपरेशनला असंच झालं. पॉलिसीत रूमची मर्यादा 4,000 होती आणि आम्ही 6,000 ची रूम घेतली. कंपनीने नुसतं रूमभाडं नाही, डॉक्टरांची फी आणि ओटीसुद्धा त्याच प्रमाणात कापली. तुमच्या विम्याचे क्लेम बघणाऱ्या टीपीएने काय मंजूर केलंय ते आधी बघा.

सिडकोकर

ताई, विमाच नाही आमचा. सगळं खिशातून आहे.

देवळालीची सून

अरे हो, तुम्ही लिहिलं होतं. घाईत वाचलं, माफ करा. आईंना लवकर बरं वाटू दे.

जुना हिशेबनीस · शुक्रवार, रात्री 10.55

मी नाशिकमध्येच दोन हॉस्पिटलांच्या बिलिंगमध्ये मिळून चौदा वर्षं काढली, त्यामुळे थोडं सविस्तर लिहितो.

आधी ओझरकरांचं. पेशंटला अडवता येत नाही हे खरं आहे. पण म्हणून देणं संपत नाही. काही न ठरवता निघालात तर मागून वकिलाची नोटीस येऊ शकते आणि पुढच्या तपासणीला चेहरा चोरावा लागतो. दुसरं, किंमत बांधली आहे ती गुडघ्याच्या इम्प्लांटची, 2017 पासून, आणि हृदयाच्या स्टेंटची. खुब्याचा बॉल त्यात नाही. उद्या काउंटरवर तो मुद्दा काढलात तर तुमचा बाकीचा बरोबर मुद्दाही ते ऐकून घेणार नाहीत. इम्प्लांटचं एवढंच मागा: ऑपरेशन नोटवर कंपनी, साइज आणि लॉट नंबरचं स्टिकर चिकटवलेलं असतं, त्याची झेरॉक्स. बिलातली वस्तू आणि स्टिकर एकच असायला हवं. पुढे कधी त्या पायाचं काही निघालं तरी तो कागद लागेल.

आता मूळ प्रश्न. ‘सॉफ्टवेअरमधून असंच निघतं’ हे काउंटरपुरतं खरं आहे, कारण तिथे समरी प्रिंट होते. पण ती समरी ज्या नोंदींवरून बनते त्या सगळ्या आत असतातच. वॉर्डातून नर्स जेव्हा औषध मागवते तेव्हा मेडिकलमध्ये इंडेंट जातो आणि प्रत्येक इंडेंटचं वेगळं बिल फाटतं, त्यावर औषधाचं नाव, बॅच, नग, एमआरपी. 71,340 ही अशा पंचवीस-तीस बिलांची बेरीज असेल. म्हणून ‘तपशील द्या’ असं मोघम म्हणू नका. म्हणा, "आयपीडी नंबर अमुक, मला तारखेप्रमाणे डिटेल बिल आणि फार्मसीची इंडेंटप्रमाणे बिलं, रिटर्नसकट हवीत." रिटर्न म्हणजे न वापरता मेडिकलला परत गेलेली औषधं. हा शब्द ऐकला की समोरच्याला कळतं, माणसाला माहिती आहे. सविस्तर बिल मिळणं रुग्णहक्कांच्या सनदेत आहे आणि ती सनद हॉस्पिटलात लावलेली असायला हवी. पण उद्या सकाळी पहिल्या वाक्यात ते काढू नका. नकार आला तरच.

चूक सगळ्यात जास्त कुठे होते ते सांगतो, रिटर्नमध्येच. डॉक्टर पाच दिवसांचं इंजेक्शन लिहितात, वॉर्डात पाच दिवसांचं येतं, तिसऱ्या दिवशी डॉक्टर गोळीवर आणतात. उरलेल्या व्हायल ट्रॉलीच्या खालच्या कप्प्यात पडून राहतात. रिटर्नची एंट्री झाली नाही, तर पैसे पेशंटच्या नावावर. यात लबाडी असतेच असं नाही. ड्यूटी बदलते आणि राहून जातं. हे पकडायचं असेल तर बिल शेजारी औषधांच्या चार्टला लावा. चार्टवर प्रत्येक डोसपुढे वेळ आणि नर्सची सही असते. बिलात नग किती आणि चार्टवर सह्या किती, एवढंच मोजायचं. सगळी औषधं मोजत बसू नका, जी चारपाच महाग इंजेक्शनं असतील तीच घ्या.

दुसरी नजर एक्स-रेवर टाका. ऑपरेशननंतर बेडवरच पोर्टेबल काढतात, तो कधी वॉर्डकडून आणि कधी एक्स-रे विभागाकडून असा दोनदा चढतो. फिल्म किंवा रिपोर्ट किती आहेत ते मोजा.

गंगापूर रोड

हिशेबनीस काका, हप्त्याचं पण सांगा ना. माझ्या भावाला काउंटरवरच फायनान्सवाल्याकडे बसवलं होतं. ‘बिनव्याजी’ म्हणाले आणि फाइल चार्ज वेगळा लावला.

जुना हिशेबनीस

तेच लिहिणार होतो. काउंटरवर "ईएमआय आहे का" विचारलंत की ते फायनान्स कंपनीकडेच पाठवणार. त्यात हॉस्पिटलला पैसे एकदम मिळतात आणि कर्ज तुमच्या नावावर चढतं. तुम्हाला हवे आहेत ते हॉस्पिटलचे स्वतःचे हप्ते आणि ते काउंटरवाल्यांच्या हातात नसतं. अकाउंट्सचे प्रमुख किंवा अॅडमिनिस्ट्रेटर यांना भेटा, सकाळी अकराच्या आत. डिस्चार्जची गर्दी दुपारी सुरू होते.

जाताना अर्ज लिहून न्या, चार ओळी पुरेत. आईचं नाव, आयपीडी नंबर, आज अमुक भरतो, उरलेले अमुक रुपये दर महिन्याच्या अमुक तारखेला अमुक हप्त्यात भरीन, सोबत आधार आणि पगाराची स्लिप. ‘जमेल तसे देतो’ याला कुणी हो म्हणत नाही. आकडा आणि तारीख बघून माणूस हो म्हणतो. दोन प्रती न्या आणि एकीवर त्यांचा शिक्का-सही घ्या.

ते पुढच्या तारखांचे चेक मागतील. द्या, पण तारीख पगारानंतरची टाका आणि आकडा भरूनच द्या, कोरा चेक देऊ नका. चेक वटला नाही तर ते प्रकरण फौजदारी होतं, उधारीपेक्षा फार वाईट. रोख भरायचा विचार असेल तर एका अॅडमिशनचे मिळून दोन लाख किंवा जास्त रोखीत त्यांना घेताच येत नाहीत, म्हणून बँकेतूनच भरा.

आणि सूट मागायची असेल तर आधी सर्जनना भेटा. औषधं, इम्प्लांटमध्ये अॅडमिनकडे फारसं काही कमी करण्यासारखं नसतं. स्वतःच्या फीमधले पैसे सर्जन स्वतः सोडू शकतात आणि पुष्कळजण सोडतातही.

एक विचारतो, हॉस्पिटल ट्रस्टचं आहे का? धर्मादाय असेल तर वर्षाचं उत्पन्न 1,80,000 पर्यंत असलेल्यांना मोफत आणि 3,60,000 पर्यंत सवलतीत, अशा दहा-दहा टक्के खाटा ठेवाव्या लागतात.

सिडकोकर

ट्रस्टचं नाही, पावतीवर प्रायव्हेट लिमिटेड आहे. काका, रात्रीच अर्ज लिहायला घेतो. फार आभार.

सिडकोकर · रविवार, सकाळी 11.15

आई घरी आली. काय काय झालं ते सांगतो, कुणाच्या तरी कामी येईल.

काउंटरवर पुन्हा तेच उत्तर मिळालं. मी आयपीडी नंबर सांगून ‘इंडेंटप्रमाणे, रिटर्नसकट’ म्हणालो, तेव्हा त्या मुलीने आत फोन लावला. चाळीस मिनिटांनी एकोणीस पानं मिळाली. चार्ट वॉर्डातल्या सिस्टरांनी समोर बसून दाखवला, झेरॉक्स मात्र नंतर अर्ज करून घ्या म्हणाल्या.

बायको बिलातून वाचत होती आणि मी सह्या मोजत होतो. एका अँटिबायोटिकच्या 10 व्हायल बिलात, सह्या 4. शुक्रवारी सकाळी डॉक्टरांनी बंद केलं होतं. सिस्टरांनी ट्रॉली उघडली तर सहा व्हायल तिथेच, आईच्या नावाच्या पिशवीत. 540 प्रमाणे 3,240 तिथेच कमी झाले. ऑपरेशननंतरचा पोर्टेबल एक्स-रे खरंच दोनदा होता, त्याचे 1,400 गेले.

डॉक्टरांना ओपीडीत भेटलो. कागद न बघताच म्हणाले, "माझ्या फीमधून सात हजार कमी करा, मी खाली सांगतो." त्यामुळे बाकी 1,73,400 राहिली. 83,400 त्याच दिवशी यूपीआय आणि कार्डने भरले, 90,000 चे सहा हप्ते, दर महिन्याच्या 10 तारखेला पंधरा हजार. सहा चेक दिले, पगार 7 ला होतो. अर्जाच्या प्रतीवर शिक्का घेतलाय.

दोन गोष्टी राहिल्या. ‘इतर 9,800’ मधले 6,300 कशाचे ते कळलं, वॉकर, ड्रेसिंगचं साहित्य वगैरे. उरलेले 3,500 ‘प्रोसेस चार्ज’ आहेत, त्याचा अर्थ कुणी सांगू शकलं नाही. आणि बेडचे सहा दिवस लावलेत. सोमवारी रात्री साडेदहा ते शनिवारी दुपारी, हे तासांनी मोजलं तर पाच दिवससुद्धा पूर्ण होत नाहीत.

ओझरकर

म्हणजे मी सांगितलं तसं करायला नको होतं. बरं झालं दादा, शांतपणे निभावलंत.

जुना हिशेबनीस

बेडचं तुमच्या बाजूने निघेलच असं नाही. काही ठिकाणी 24 तास मोजतात, काही ठिकाणी रात्री बारा वाजता दिवस बदलतो आणि मग सोमवार ते शनिवार सहाच होतात. त्यांच्या दरपत्रकात जे छापलंय ते लागू. ते दर्शनी भागात लावलेलं असायला हवं, टाके काढायला जाल तेव्हा फोटो काढून घ्या. प्रोसेस चार्ज त्या दरपत्रकात नसेल तर मात्र लेखी विचारा. उत्तर नाही आलं तर शहरातल्या हॉस्पिटलांची तक्रार महापालिकेच्या आरोग्य विभागाकडे जाते, राजीव गांधी भवनात.

चार्टच्या झेरॉक्सचा अर्जही त्याच दिवशी द्या, मागितल्यापासून 72 तासांत द्यावे लागतात. आणि प्रत्येक हप्त्याची पावती जुन्या आयपीडी नंबरवरच करून घ्या. नुसतं ‘अॅडव्हान्स’ लिहिलेली पावती घेऊ नका, ती दुसऱ्याच खात्यात पडते आणि शेवटी नो ड्यूज मागताना शोधत बसावं लागतं.

सिडकोकर

मंगळवारी टाके आहेत. दरपत्रकाचा फोटो इथे टाकतो.