रोकड हाताळणीची केस स्टडी : उणीव सांगून टाकायची की शोधायला लावायची?

पेपर_काढणारी : ऑडिटिंगच्या पेपरसाठी 15 गुणांची केस स्टडी तयार करतेय. छोटी व्यापारी पेढी, एकच कॅशियर. तोच पावती फाडतो, कॅशबुक लिहितो, ग्राहकांची खाती लिहितो आणि बँकेत भरणाही करतो. प्रश्न : "अंतर्गत नियंत्रणातील उणिवा ओळखा व उपाय सुचवा." एवढं पुरेल?

जुनी_खतावणी : यात ओळखायचं काय राहिलं? उणीव तुम्हीच लिहून दिलीत. सगळा वर्ग "कामाची विभागणी नाही" हे एकच वाक्य खरडून मोकळा होईल. त्यापेक्षा त्या उणिवेतून काय घडलं ते कागदांवर दिसू द्या.

समजा 3 तारखेला अ ने 8,000 रोख दिले. कॅशियरने पावती दिली, पैसे खिशात घातले, नोंद केली नाही. 6 ला ब ने 10,000 दिले, तेव्हा त्यातले 8,000 अ च्या नावे जमा दाखवले, ब च्या नावे फक्त 2,000. 10 ला क ने 9,000 दिले, त्यातले 8,000 ब ला, 1,000 क ला. ही गोष्ट मुलांना सांगायची नाही. त्यांच्यापुढे ठेवायच्या तीन पावत्यांच्या स्थळप्रती आणि कॅशबुकातल्या चार ओळी, बस्स. स्थळप्रतीवर अ ची तारीख 3, कॅशबुकात 6. ब ची एकच पावती, पण जमा दोन तुकड्यांत. तिथे ज्याचा हात थांबेल त्याला विषय कळलाय.

गुणांची_बेरीज : कागदावर झकास, पण पेपर तपासायला तुम्ही येणार आहात का? मुलांकडे अर्धा तास असतो. ज्याला तारखांतली गफलत दिसली नाही त्याची पुढची सगळी उत्तरं कोसळतात, मग त्याला नियंत्रण कितीही समजलेलं असो. ही परीक्षा ऑडिटची की नजरेची? मी तर उणिवा सरळ सांगेन आणि विचारेन, यामुळे कोणती अफरातफर होऊ शकते.

टॅली_वाला : इतकं कशाला? मॉडेल उत्तरात "मालकाने अचानक रोकड मोजावी" एवढं हवंच. मोजली की चोर सापडला.

जुनी_खतावणी : वरच्याच केसमध्ये मोजून बघा. 6 ला पेटीत 10,000 आले, पुस्तकातही 10,000. 10 ला 9,000 आणि 9,000. 3 ला पैसेही नाहीत, नोंदही नाही. कुठल्याही दिवशी मोजा, रोकड पुस्तकाशी जुळणारच. भोक रोकडीत नाही, उधारीत आहे आणि 10 तारखेला ते क च्या खात्यावर बसलंय. मोजताना मालकाने शेवटच्या पावतीचा नंबर कॅशबुकाशी पडताळला, तरच 3 तारखेलाच सापडेल. म्हणून एक उपप्रश्न असा घाला : "मालक दर शनिवारी रोकड मोजतो आणि ती जुळते. तरी हे का सापडलं नाही?" पाठांतर इथेच उघडं पडतं.

टॅली_वाला : हं, पुस्तकाबाहेरच्या पैशाचा विचारच केला नव्हता. पण किरकोळ खर्चाच्या पेटीला तरी मोजणी चालेल ना?

जुनी_खतावणी : तिथे चालेल. तिथली रक्कम ठरलेली असते.

गल्ल्यावरचा : आमच्याकडे मालकच गल्ल्यातून नोटा उचलतो. चिठ्ठी नाही, काही नाही. संध्याकाळी कमी पडले की बोलणी मी खायची. मी चिठ्ठी मागू शकतो का?

पेपर_काढणारी : तुमच्या प्रश्नाचं उत्तर इथे कुणी देईल, पण मला उपप्रश्न मिळाला! मालक असे पैसे उचलत असेल तर कॅशियरकडे तूट निघाली तरी ती त्याचीच हे सिद्ध कसं करणार?

जुनी_खतावणी : घाला, पण वेगळ्या केसमध्ये. दोन्ही एकत्र आलं की मुलं मालकावरच पानं भरतील. @गल्ल्यावरचा, मागाच. मालकाने सही केलेली चिठ्ठी पेटीत असेल तर ती तुमची ढाल आहे.

गुणांची_बेरीज : उपायांचं काय? निम्मे "आणखी एक कारकून नेमा" लिहितील. त्याला शून्य देणार?

पेपर_काढणारी : केसमध्येच लिहिते की मालक, कॅशियर आणि एक विक्रेता एवढीच माणसं आहेत, नवी भरती शक्य नाही.

जुनी_खतावणी : आता उत्तराला वळण येईल. मालकाने महिनाअखेर खातेउतारे स्वतः ग्राहकांना पाठवावेत, तक्रार थेट त्याच्याकडे यावी. कॅशियरला सलग रजा देऊन त्याचं काम दुसऱ्याने बघावं, कारण ही साखळी रोज हलवावी लागते.

टॅली_वाला : ग्राहकांची खाती विक्रेत्याकडे दिली तर?

गुणांची_बेरीज : विक्रेताच वसुलीला जात असेल तर चोरीची जागा बदलली, एवढंच. तो वसुली करतो की नाही हे केसमध्ये नसेल, तर दोन्ही उत्तरांना गुण द्यावे लागतील.

जुनी_खतावणी : मी मुद्दामच नसतं सांगितलं. जो मुलगा "वसुली कोण करतं?" असं स्वतःच विचारेल, त्याला दोन गुण जास्त.

गुणांची_बेरीज : आणि ज्याने न विचारता बरोबर उपाय दिला, त्याचे दोन कापणार? हे मला पटत नाही.