फोटोतल्या कोऱ्या नकाशावर ठिकाणं मोजून दाखवायची की किनारा बघून?

प्रश्न (शाईपेन): भारताच्या कोऱ्या नकाशाचा मोबाइलवर काढलेला फोटो आहे, त्यावरच झरिया, बैलाडिला, बालाघाट दाखवायचे आणि खाली खनिजांच्या जोड्या लावायच्या. अक्षांश मोजून ठिपके दिले तरी चुकतात. पट्टीने मोजणं बरोबर की नजरेने?

कर्कवृत्त: मोजणं बरोबरच, पण तिरक्या फोटोवर सरळ पट्टी लावू नका. कागदाची खालची कड मोबाइलला जवळ असते, त्यामुळे ती मोठी येते आणि वरचा भाग आक्रसतो. समजा फोटोत चौकटीची खालची कड १२ सेंमी, वरची १० आणि उंची १२ आहे. पट्टीने मध्य काढाल तर तो ६ सेंमीवर येईल. आता चौकटीचे दोन्ही कर्ण ओढा. ते खालून साडेसहा सेंमीच्या जरा वर छेदतात, आणि खरा मध्य तोच.

म्हणजे जवळजवळ साडेपाच मिलिमीटरची चूक. चौकट देशाला खेटून असेल तर इथे एक अंश साधारण ४ मिमी भरतो, त्यामुळे ठिपका दीडेक अंश दक्षिणेला घसरतो. झरिया आहे २३°४५′ च्या आसपास. घसरून ती मयूरभंजच्या लोहखनिजात जाऊन बसते. जोडीत ‘झरिया – कोळसा’ बरोबर लिहिलं, तरी नकाशा लोखंड दाखवतो.

सागरतीर: एवढा खटाटोप कशाला? हुगळीच्या मुखाची खाच शोधा, तिथून वायव्येला जा, झरिया सापडते. फोटो तिरका असला तर खाचही सोबतच सरकते, त्यामुळे जवळचं अंतर फारसं बिघडत नाही. गोदावरी आणि कृष्णेच्या त्रिभुज प्रदेशांचे फुगवटे, कच्छ, खंभातचं आखात, एवढ्या खुणा असताना कर्ण कशाला?

कर्कवृत्त: किनाऱ्याजवळ मान्य. पण बालाघाटला कोणती खाच? दोन्ही समुद्र शेकडो किलोमीटर लांब. तिथे छेदबिंदूच कामी येतो. देश चौकटीत नीट मध्यभागी असेल, तर छेद साधारण कोरबाच्या आसपास पडतो. अमरकंटक त्याच्या डावीकडे, म्हणजे नर्मदेचा उगम तिथेच. बालाघाट आणखी पश्चिमेला आणि जरा खाली.

मास्तरांचा_फळा: कर्कवृत्तच सरळ रेषेत ओढून घ्या ना! कच्छपासून मिझोरामपर्यंत पट्टीने रेघ. त्यावर २३°३०′ ठरलं की बाकी सगळं त्यावरून.

कर्कवृत्त: कल्पना चांगली, रेघ मात्र सरळ नसते. शंकू प्रक्षेपणाच्या नकाशात अक्षवृत्तं वाकलेली असतात, टोकं मधल्यापेक्षा वर. पूर्व टोकाशी हा फरक पन्नासेक किलोमीटर, म्हणजे या फोटोवर जेमतेम दोन मिलिमीटर. तिरकेपणाच्या चुकीपुढे किरकोळ. त्रिपुरा-मिझोराममध्ये ठिकाण दाखवायचं असेल तरच लक्षात ठेवा.

पानसुपारी: माझ्याकडे जगाचा नकाशा आहे, पिकांचे पट्टे दाखवायचेत. कर्ण छेदले ते विषुववृत्तावर आलेच नाहीत. पद्धत चुकीची दिसते.

कर्कवृत्त: कर्ण चौकटीचा मध्य सांगतात, विषुववृत्त नाही. पुष्कळ जगाच्या नकाशांत अंटार्क्टिका कापलेला असतो, मग विषुववृत्त मध्याच्या खाली येतं. आधी चौकट कुठून कुठपर्यंत आहे ते बघा. आणि पिकाला ठिपका नको, पट्टा रंगवा.

सागरतीर: आणि चौकटच फोटोत कापली गेली असेल तर?

कर्कवृत्त: मग तुमचीच पद्धत. पान पुस्तकाच्या शिवणीजवळ फुगलेलं असेल तरीही कर्ण फसतात. ओळखायचं असं: चौकटीची कड पट्टीला लागून सरळ बसत नाही. अशा वेळी पान दाबून, वरून, पुन्हा फोटो काढावा.

शाईपेन: कर्ण काढून बघितलं, झरिया छेदबिंदूपासून दीड सेंमी उजवीकडे आणि अर्धा सेंमी वर आली. बैलाडिला आणि बालाघाट मात्र जोड्यांत उलटसुलट झाले होते.

मास्तरांचा_फळा: सगळ्यांचं तसंच होतं, नावं दिसायला सारखी. बैलाडिला लोखंडाचं, छत्तीसगडच्या दक्षिण टोकाला; बालाघाट मँगनीजचं, मध्य प्रदेशात. मी म्हणेन, आधी ठिपके, मग जोड्या.

सागरतीर: उलट. आधी जोड्या, म्हणजे ठिपका कुठल्या पट्ट्यात हवा ते आधीच कळतं.

मास्तरांचा_फळा: आणि जोडीच चुकली असेल तर ठिपकाही त्याच्यामागे जाईल. ठिपका वेगळा काढला, तर तो जोडी तपासतो.