लांबलचक नियमपुस्तिका वाचून दहा मिनिटांत नवा गेम शिकवलाय का कुणी? अनुभव सांगा

मैना_ठाणे
आज माळा आवरताना 'व्यापार'चा फाटका डबा हाताला लागला आणि घोडबंदरला भावाकडे गणपतीच्या जागरणाला 'विंगस्पॅन' शिकवलेला आठवला. पुस्तिका मी वाचायची आणि आरती झाली की चौघांना समजवायचं, असं ठरलं होतं. वाचताना लक्षात आलं की पुस्तिकेच्या क्रमाने गेलं तर नुसती मांडणी ऐकूनच लोक जांभया देतील. मग उलटं केलं. आधी सांगितलं, चार फेऱ्या खेळायच्या, शेवटी ज्याचे गुण जास्त तो जिंकला, गुण मुख्यतः पक्ष्यांचे आणि अंड्यांचे. मग पटावर बोट फिरवत सांगितलं की आपल्या पाळीत कामं चारच: पक्षी मांडा, जंगलातून खाणं घ्या, गवताळात अंडी घाला, नाहीतर पाणथळीतून कार्ड उचला. एवढं सांगून थेट एक पाळी खेळून दाखवली. वहिनी म्हणाली, "मग मी अंडीच घालते." पटावर पक्षी एकही नाही! अंडी ठेवणार कुठे? सगळे हसले, पण नियम पक्का बसला. तुमचे किस्से येऊ द्या.

खारघर_टेकडी
आम्ही पण गणपतीतच शिकलो! पण प्रत्येक पक्ष्याला एक अंडं मोजावं लागतं हे आधी सांगायला हवं, नाहीतर सगळे नुसते पक्षीच मांडत सुटतात.

पासेवाला
@खारघर_टेकडी, तसं नाही. ओळीतला पहिला पक्षी फुकट, दुसऱ्या-तिसऱ्याला एक अंडं, चौथ्या-पाचव्याला दोन. स्तंभाच्या डोक्यावर छापलेलंच असतं. दर शनिवारी नवीन लोकांना शिकवतो, हे मी तोंडी सांगतच नाही. कुणी दुसरा पक्षी मांडायला गेलं की तिथेच दाखवतो.

नवीन माणूस खरा अडतो तो सुरुवातीला. पाच पक्षी आणि पाच खाणी हातात येतात, पण ठेवायची मिळून पाचच. म्हणजे पक्षी ठेवलास की एक खाणं परत. खेळ माहीत नसताना निवडणार काय? मी सरळ सांगतो, ज्यांचं खाणं जुळतंय असे दोन पक्षी ठेवा आणि त्यांना लागणारी तीन खाणी. बाकी नंतर कळेल.

दुसरी अडचण क्रमाची. क्यूब ओळीतल्या डावीकडून पहिल्या मोकळ्या घरात ठेवायचा, तिथलं मिळतं ते घ्यायचं, मग डावीकडे सरकत वाटेतल्या तपकिरी पक्ष्यांची ताकद वापरायची. कुणी डावीकडून उजवीकडे निघालं की समजायचं, समजलेलं नाही. तेवढी एक गोष्ट हाताने करून घ्या, पुढचं आपोआप जमतं.

नेरुळची_निमा
आम्ही कॅरमवाले. पावडर टाकली की नियम संपले 😄 आजकालच्या खेळांना पुस्तक कशाला हवं?

मैना_ठाणे
@पासेवाला, दोन पक्ष्यांचा सल्ला आवडला. पण माझी भाची लगेच म्हणाली असती, मला पाचही पक्षी हवेत, खाणं नंतर बघू. तिला अडवायचं का?

पासेवाला
अडवू नका. मग पहिल्या काही पाळ्या ती जंगलातून खाणंच गोळा करत बसेल, कळेल तिचं तिला. हां, रुसणारी असेल तर अडवा.

आजी_वाशी
निमा, कॅरमचं स्टँड आहे का गं तुझ्याकडे? आमचं मोडलं. आणि मैना, नातवाने मला हा खेळ शिकवला. आधी गुलाबी रंगाच्या पक्ष्यांबद्दल इतकं बोलला की माझा चहा गार झाला. अर्धा डाव झाला तरी गुलाबी एकही आला नाही.

डोंबारी_८४
आजी 😂😂 मीपण सांगतो, गुलाबीचं ज्याच्या हाती येईल त्यालाच सांगावं.

घणसोली_गप्पा
मला नाही पटत. दुसऱ्याच्या पाळीत आपल्याला काही मिळू शकतं, हे माहीत नसेल तर माणूस बाहेर जाऊन फोन बघत बसतो. एक वाक्य तरी सांगाच.

खारघर_टेकडी
मला तर फेऱ्या लहान होत जातात तेच कळेना. आठ, मग सात, सहा, पाच. कुणीतरी क्यूब लपवतंय असं वाटायचं.

पासेवाला
😀 फेरी संपली की प्रत्येकाचा एक क्यूब त्या फेरीच्या उद्दिष्टावर जातो ना, म्हणून. हे मात्र सुरुवातीलाच सांगतो, नाहीतर तिसऱ्या फेरीत भांडणं होतात.

नेरुळची_निमा
@आजी_वाशी स्टँड आहे, रविवारी घेऊन येते. मिसळ तुमची.

डोंबारी_८४
मिसळ ठाण्याची की वाशीची, हा वेगळा धागा काढा रे कुणीतरी.