मदत हवी आहे : एकाच धमनीच्या क्षेत्रातील काही आतडे वाचते कसे?

अनुस्वार : मी वैद्यकीय दुसऱ्या वर्षाला आहे. हृदयाचे ठोके अनियमित असलेल्या एका रुग्णाच्या शस्त्रक्रियेची छायाचित्रे आम्हाला दाखवण्यात आली. सुपीरिअर मेसेंटेरिक धमनीत गुठळी अडकलेली होती. जेजुनमची सुरुवातीची दीड-दोन वीत लांबी गुलाबी होती, तेथून असेंडिंग कोलनपर्यंतचे आतडे काळे पडले होते आणि ट्रान्सव्हर्स कोलन पुन्हा गुलाबी होते. आमच्या तक्त्यानुसार ड्युओडेनमच्या मध्यापर्यंत सिलिअॅक ट्रंक, तेथून ट्रान्सव्हर्स कोलनच्या दोन तृतीयांश भागापर्यंत सुपीरिअर आणि पुढे इन्फीरिअर मेसेंटेरिक रक्त पुरवते. मग हे दोन तुकडे का वाचले?

रात्रपाळी : मोठ्या आतड्याच्या काठाने जाणारी मार्जिनल धमनी सुपीरिअर आणि इन्फीरिअरला जोडते. ट्रान्सव्हर्स कोलनला डावीकडून रक्त मिळाले असणार.

अनुस्वार : पण त्याने जेजुनमचे कोडे सुटत नाही.

जुना सर्जन : रात्रपाळी यांनी सांगितलेला मार्ग खरा आहे, परंतु येथे मुख्य कारण गुठळी कुठे बसली हे आहे. हृदयातून आलेली गुठळी सहसा धमनीच्या तोंडाशी न थांबता काही सेंटिमीटर पुढे, मिडल कोलिक फांदी फुटल्यावर धमनी जिथे निमुळती होते तिथे अडकते. जेजुनमच्या पहिल्या फांद्या आणि मिडल कोलिक त्याआधीच फुटलेल्या असल्यामुळे त्यांचे रक्त चालू राहते. सीटी अँजिओग्राफीत धमनीचा सुरुवातीचा भाग भरलेला आणि पुढे एकदम तुटलेला दिसतो. याउलट जुन्या मेदाच्या थरावर धमनीच्या तोंडाशीच रक्त गोठले, तर जेजुनमची सुरुवातही सुटत नाही. मात्र ते तोंड वर्षानुवर्षे हळूहळू अरुंद होत गेले असेल, तर स्वादुपिंडाभोवतीच्या कमानींतून सिलिअॅक ट्रंकचे रक्त खाली उतरू लागते आणि पूर्ण बंद पडलेली धमनीही कधीकधी निभावते.

पाटपाणी : माझ्या वडिलांच्या महाधमनीचा फुगा काढताना इन्फीरिअर मेसेंटेरिक बांधून टाकली होती. म्हणजे त्यांचे डावे आतडे धोक्यात आहे का?

जुना सर्जन : हा प्रश्न निराळा आहे. ती बांधण्याआधी तिच्या कापलेल्या टोकातून उलटे रक्त किती जोराने येते हे सर्जन पाहतो. चांगले येत असेल, तर मार्जिनल धमनी आणि ओटीपोटातील फांद्या काम भागवतात. धोका मुख्यतः पहिल्या काही दिवसांत असतो आणि तेव्हा रक्तमिश्रित जुलाब ही ठळक खूण असते. तुमच्या वडिलांपुरते उत्तर त्यांच्या सर्जनकडूनच घ्यावे.

रात्रपाळी : जेजुनमबाबत मी चुकलो. तरीही मिडल कोलिक काही जणांत निराळ्या ठिकाणाहून निघते. अशा रुग्णात ट्रान्सव्हर्स कोलन वाचेल का?

जुना सर्जन : ते मार्जिनल धमनी प्लीहेजवळच्या वळणावर किती सलग आहे त्यावर ठरेल. काहींत ती तिथेच तुटक असते, आणि हे पोट उघडण्याआधी खात्रीने सांगणे मला तरी जमलेले नाही.