मदत हवी आहे: कर्ज असलेल्या कंपनीचं मूल्य ११ कोटी की १२ कोटी?

गोदाकाठची
नमस्कार. मी नांदेडला एम.कॉम. करते. सरांनी जालन्याच्या दोन रोलिंग मिल कल्पून गणित दिलंय. दोन्हींचा व्याज आणि कर जाण्याआधीचा नफा दरसाल २ कोटी, कायम तेवढाच. कर २५ टक्के. पहिलीवर कर्ज नाही, तिचे भागधारक १५ टक्के परतावा मागतात. दुसरीवर ४ कोटींचं कायमचं कर्ज आहे, व्याज १० टक्के.

पहिलीचं जमलं. कर जाऊन १.५ कोटी उरतात, भागिले ०.१५, म्हणजे १० कोटी. दुसरीला मात्र दोन रीतींनी दोन उत्तरं येतात. `V_L = V_U + tD` वापरलं की १० + ०.२५ × ४ = ११ कोटी. भागधारकांकडून गेलं तर २ कोटींतून ४० लाख व्याज आणि मग कर वजा जाऊन १.२० कोटी राहतात; त्यांना ०.१५ ने भागलं की ८ कोटी, अधिक कर्ज ४, एकूण १२ कोटी. हा वरचा एक कोटी कुठून आला?

वाळूजकर
१५ टक्के हा बिनकर्जाच्या मिलचा दर आहे, तो दुसरीला लावता येत नाही. बँकेचं व्याज आधी जातं, उरेल ते भागधारकांचं. मंदीचा फटका त्यांनाच जास्त बसतो, म्हणून ते जास्त परतावा मागणार. त्यामुळे १२ चूक. पण माझ्या मते ११ पण चूक. वर्षाला १० लाख कर वाचतो, तोही धंद्यातूनच वाचतो, म्हणून १५ टक्क्यांनीच भागा. ६६.६७ लाख येतात.

जुना ताळेबंद
ताई, आधी पैसा कुणाकडे जातो ते बघा. पहिली मिल सरकारला ५० लाख कर देते, दुसरी ४० लाख. पहिलीच्या मालकांना १.५० कोटी मिळतात. दुसरीच्या भागधारकांना १.२० कोटी आणि बँकेला ४० लाख, मिळून १.६० कोटी. धंदा तोच, यंत्रं तीच. वाढलेले १० लाख सरकारच्या वाट्यातून आले.

तुमच्या गणितात कर्ज ४ कोटींवर कायम आहे. व्याज जितकं खात्रीचं तितकीच ही बचत खात्रीची, म्हणून तिला १० टक्केच लावायचे. १० लाख भागिले ०.१० म्हणजे १ कोटी. एकूण ११, त्यातून कर्ज गेलं की भागधारकांचे ७ कोटी. आता त्यांचा दर:

`15 + (15 − 10) × 0.75 × 4/7 = 17.14`

१.२० कोटींना ०.१७१४ ने भागा, ७ कोटीच येतील.

वाळूजकर, तुमचा दर अगदीच गैरलागू नाही. कंपनी दरवर्षी आपल्या मूल्याच्या ठरावीक प्रमाणात कर्ज कमी-जास्त करत असेल, तर बचतही धंद्याबरोबर हलते आणि १५ च्या आसपासचा दर योग्य ठरतो. इथे तसं दिलेलं नाही.

गोदाकाठची
सर, पण १७.१४ काढायला ७ कोटी आधीच लागले. म्हणजे उत्तर धरूनच उत्तर काढलं ना?

जुना ताळेबंद
बरोबर पकडलंत. म्हणूनच कर्ज रुपयांत ठरलेलं असलं की मूल्य आधी करबचतीवरून काढायचं. भागधारकांचा दर त्यातून निघतो, तो ताळ्यासाठी.

डाळमिल लातूर
आमची मिल प्रायव्हेट लिमिटेड आहे. मुदत कर्ज ४ कोटी, १० टक्क्यांनीच, मुद्दल आठ वर्षांत सारख्या हप्त्यांनी फेडायचं. मग आमची किंमतही एक कोटीनं वाढली म्हणायची का? मागच्या वर्षी तर तोटा होता.

जुना ताळेबंद
नाही दादा. एक कोटी हा आकडा न फिटणाऱ्या कर्जाचा. तुमचं मुद्दल दरसाल ५० लाखांनी उतरणार, म्हणजे व्याज पहिल्या वर्षी ४० लाख, दुसऱ्या वर्षी ३५, शेवटी ५. २५ टक्क्यांनी कर १० लाख, ८.७५ लाख असा वाचत शेवटी १.२५ लाखांवर येतो. या सगळ्याचं आजचं मूल्य १० टक्क्यांनी सुमारे ३३ लाख, तेही दरवर्षी पुरेसा नफा झाला तर.

नफा व्याजापेक्षा कमी पडला की बचत आटते. समजा नफा २५ लाखच झाला. कर्ज नसतं तर ६.२५ लाख कर भरला असता, तेवढाच वाचतो. १० लाख नाही. उरलेला तोटा पुढच्या आठ वर्षांपर्यंत ओढता येतो, पण उशिरा वाचलेला रुपया आजच्या रुपयाइतका नसतो. शिवाय बँकेचं व्याज प्रत्यक्ष भरलं तरच वजा मिळतं. नुसतं थकीत दाखवून चालत नाही.

वाळूजकर
हेच माझं म्हणणं. बचत नफ्यावर टेकलेली असेल तर ती व्याजाइतकी खात्रीची कशी?

जुना ताळेबंद
डाळमिलसाठी तुमचं मला पटतं. तुरीचे भाव बघता त्या ३३ लाखांना १० टक्के फार उदार दर आहे. पण १५ घ्यायचा की मधला, ते मिलचे मागचे नफे-तोटे बघितल्याशिवाय मी सांगणार नाही. ताईंच्या गणितात नफा कायम दिलाय, तिथे ११ कोटीच.

डाळमिल लातूर
पाच वर्षांचे नफ्याचे आकडे उद्या टाकतो.