मदत हवी आहे: 200 रनचं एकच लॅटिन हायपरक्यूब, की 20-20 चे दहा?

उष्णता-विनिमयाचं एक सिम्युलेशन आहे. इनपुट 12, सगळे एकमेकांपासून स्वतंत्र. एका रनला अर्धा तास लागतो, त्यामुळे 200 च्या वर जाता येणार नाही. आउटपुटची सरासरी आणि 95 वा पर्सेंटाइल हवा आहे, आणि दोन्हींची एररही सांगायची आहे.

जाळी खडबडीत केलेल्या झटपट मॉडेलवर साधं रँडम सॅम्पलिंग आणि हे दोन्ही वेगवेगळ्या सीडने चालवून पाहिलं:

```python
qmc.LatinHypercube(d=12).random(200)
```

यात प्रत्येक इनपुटच्या 200 समान-संभाव्यता पट्ट्यांत एकेकच बिंदू पडतो, म्हणून सरासरीची चढउतार बरीच कमी झाली. पर्सेंटाइलला मात्र फारसा फरक नाही. माझा अंदाज, वरच्या टोकाला प्रवाहाचा वेग आणि साचलेला थर यांचा एकत्रित परिणाम चालतो, आणि पट्ट्या एकेकट्या इनपुटच्याच असल्याने जोड्यांची हमी मिळत नाही. `strength=2` ने जोड्याही सांभाळल्या जातात; त्याला रन एखाद्या मूळ संख्येचा वर्ग लागतात, म्हणजे 169 बसतील.

खरी अडचण एररची आहे. बिंदू परस्परस्वतंत्र नसल्याने s/√n इथे लागू नाही (माझ्या मॉडेलवर तो एरर फुगवून दाखवतो). 20-20 चे दहा स्वतंत्र संच घेतले तर त्यांच्या सरासरींच्या फरकावरून एरर सरळ काढता येते, पण पट्ट्या दहापट रुंद होतात, आणि 20 बिंदूंत 95 वा पर्सेंटाइल म्हणजे जवळपास वरचा एकच बिंदू.

सोबॉल सध्या नको, रन आधीच रांगेत लावायचे आहेत. अशा वेळी तुम्ही संच किती आणि केवढे ठेवता? आणि पर्सेंटाइलची एरर कशी काढता?