साखर तेवढीच, मग फरक कसला?

"दिवसाची साखर तेवढीच असेल तर एकदम खा नाहीतर थोडी थोडी, दातांना काय फरक पडतो?"

खूप पडतो हो. साखर मिळाली की प्लाकमधले, म्हणजे दातांवरच्या चिकट थरातले बॅक्टेरिया लगेच ॲसिड करायला लागतात, पाच-दहा मिनिटांत पीएच, म्हणजे जितका कमी तितकं ॲसिड जास्त असं दाखवणारा आकडा, ७ च्या आसपासवरून ५.५ च्या खाली येतो आणि इनॅमल, म्हणजे दाताचं वरचं कठीण आवरण, विरघळायला लागतं. मग लाळ ते ॲसिड हळूहळू मारते, पण त्याला अर्धा-पाऊण तास तरी लागतो. आता सहा चॉकलेटं एकदम खाल्लीत तर घसरण एकच, फार तर जरा लांबेल. तीच दर अर्ध्या तासाला एक करत खाल्लीत तर पीएच वर येतोय न येतोय तोच परत खाली, म्हणजे जवळपास तीन तास दात ॲसिडमध्येच, झीज भरून काढायला लाळेला उसंतच नाही. झोपेत तर लाळ आणखी कमी होते, म्हणून झोपायच्या आधीचं गोड मला सगळ्यात वाईट वाटतं.